आधी मुसळ, मग कुसळ

मत्तयच्या शुभवर्तमानात पाच ते सात या अध्यायांत ‘डोंगरावरील प्रवचन’ येते. त्यातल्या सातव्या अध्यायाच्या आरंभी येशू शिष्यांना बजावतो की, इतरांचा न्याय करू नका. तुम्ही ज्या मापाने मोजाल, त्याच मापाने तुम्हालाही मोजले जाईल. पाठोपाठ एक विलक्षण चित्र येते. एक माणूस भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघाला आहे आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ आहे. मूळ ग्रीक कथनात तर घराच्या छपराला आधार देणारी तुळई आहे. अतिशयोक्ती मुद्दाम केलेली आहे.

हे वचन बहुतेकदा पहिल्याच वाक्यावर तोडले जाते. पाचव्या वचनात मात्र क्रम सांगितला आहे: आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे तुला स्पष्ट दिसेल आणि मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढता येईल. कुसळ खरेच आहे, ते खुपते आणि ते निघायलाच हवे. ‘कुसळ तसेच राहू दे’ असे येशू कुठेही म्हणत नाही. याच अध्यायात पुढे तो खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखायला सांगतो. पारख केल्याशिवाय ते कसे जमणार?

ही प्रतिमा ढाल म्हणूनही वापरली जाते आणि हे दुखणे जुने आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकांतले यहुदी धर्मगुरू रब्बी टार्फोन यांची एक तक्रार तालमूदमध्ये नोंदली आहे. आपल्या पिढीत कानउघाडणी ऐकून घेणारा कोणी उरला आहे का, अशी त्यांना शंका होती. कारण कुसळ काढ म्हटले की समोरचा उलट म्हणतो, आधी तुझी तुळई काढ. स्वतःला तपासण्यासाठी असलेली प्रतिमा इथे दुसऱ्याचे तोंड बंद करण्याच्या कामी येते.

समजा, एखाद्या चर्चच्या खजिनदाराने वर्षभर हिशेब दिला नाही. एका सभासदाने विचारणा केली, तर ‘न्याय करू नका’ असे उत्तर मिळाले. वचनाचा पूर्ण अर्थ घेतला तर सभासदाने आधी स्वतःकडे पाहावे: आपल्याकडच्या वर्गणीच्या पावत्या जमा केल्या का? हाच प्रश्न आपण मित्रालाही विचारला असता का? एवढे झाल्यावर हिशेब मागणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. पुरावा नसताना खजिनदाराला चोर ठरवणे, त्याच्या मनातला हेतू आपल्याला कळला असे मानणे आणि देवाच्या दरबारातला निकाल आपणच सुनावणे, यांना मात्र मनाई आहे.

अत्याचार झालेल्या माणसाला हेच वाक्य ऐकवले जाते तेव्हा गैरवापर सर्वांत क्रूर होतो. त्याची तक्रार दुखावलेल्याचा आक्रोश असते आणि तिला दोष शोधण्याची हौस म्हणणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. मत्तयच्याच अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागावे हे सांगितले आहे: आधी एकांतात बोलावे, ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार न्यावेत, तरीही ऐकले नाही तर गोष्ट मंडळीपुढे मांडावी.