फ्रीज सुरू होताना एमसीबी का पडतो?

फ्रीजचा कॉम्प्रेसर घुर्र करायला लागतो आणि त्याच क्षणी खट् आवाज होऊन घरात अंधार. मग दोष फ्रीजच्या माथी मारला जातो. खरा दोषी पुष्कळदा डीबीतला एखादा सैल स्क्रू असतो.

घरगुती फ्रीज चालू असताना साधारण एक अँपिअर किंवा त्याहून कमी करंट घेतो. पण थांबलेली मोटर फिरायला लागताना, अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ, त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. समजा आठ अँपिअर. दहा अँपिअरचा ‘बी’ प्रकारचा एमसीबी तत्क्षणी पडायला तीस ते पन्नास अँपिअर लागतात. म्हणजे एवढ्या धक्क्याने तो पडायला नको. तरीही पडतो, तेव्हा तो लगेच पडला की चार-पाच सेकंदांनी, हे आधी पाहावे. लगेच पडत असेल, तर कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगमध्ये शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. एमसीबीऐवजी आरसीसीबी पडत असेल, तर करंट अर्थिंगकडे गळतो आहे. ही दोन्ही कामे मेकॅनिकचीच.

उशिरा पडणारा एमसीबी मात्र वेगळी गोष्ट सांगतो. सैल जोडामुळे करंट वाढतो, असे अनेकांना वाटते. सैल जोड खरे तर विजेच्या वाटेत अडथळा आणतो. तिथे व्होल्टेज पडते, मोटरला जोर मिळत नाही, ती गुणगुणत अडकून राहते आणि अर्ध्या सेकंदाचा तो आठ अँपिअरचा भार काही सेकंद चालू राहतो. शिवाय सैल टर्मिनल तापते. एमसीबीच्या आत उष्णतेने वाकणारी धातूची पट्टी असते. तिला बाहेरूनच ऊब मिळाली, की ती नेहमीपेक्षा कमी करंटवर वाकते.

आता याच लाइनवर दीड हजार वॉटची किटली चालू आहे असे समजा. ती साडेसहा अँपिअर घेते. सैल टर्मिनल आधीच तापलेले. त्यात फ्रीज सुरू होतो, बेरीज साडेचौदाच्या आसपास जाते आणि एमसीबी पडतो. किटली बंद असताना तोच फ्रीज दिवसभर सुरळीत चालतो. असे घडत असेल, तर संशय फ्रीजवर कमी, जोडावर जास्त घ्यावा. जळका वास, काळवंडलेली वायर, पिवळे पडलेले सॉकेट या त्याच्याच खुणा.

इलाज सोपा आहे, पण इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावा, कारण मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज जिवंत असते. जळलेले टोक कापून, वायर नव्याने सोलून ती पक्की आवळावी लागते. तापून गेलेला एमसीबी बदलावा. अनेकजण त्याऐवजी बत्तीस अँपिअरचा एमसीबी लावून मोकळे होतात. मग एमसीबी पडत नाही, आणि सैल जोड भिंतीआड निवांत तापत राहतो.

जोड पक्का करूनही कॉम्प्रेसर गुणगुणून थांबत असेल, तर स्टार्टिंग रिले तपासायला सांगावे. वीज गेली आणि लगेच आली, तर मात्र पाच मिनिटे फ्रीज बंदच ठेवावा. आतला गॅसचा दाब उतरल्याशिवाय साध्या कॉम्प्रेसरला फिरणे जड जाते.