कन्फर्म तिकीट आहे, तरी विमानात घेतलं नाही? मग पैशांचा हिशोब असा

सावंगी मेघेच्या मेडिकलमधली एक विद्यार्थिनी समजा. गाडी करून ती नागपूर विमानतळावर वेळेत पोहोचली. दिल्लीचं विमान दुपारी २ चं. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, फ्लाइट ओव्हरबुक आहे." म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेलीत. आता तिच्या हातात काय?

डीजीसीएचा नियम १ ऑगस्ट २०१६ पासून लागू आहे. एअरलाइनने आधी विचारायचं, की स्वखुशीने कोण थांबतंय. जो हो म्हणेल, त्याला जे ठरेल तेवढंच मिळतं. म्हणून घाईत "चालेल" म्हणू नका, नियमाची भरपाई हातची जाते.

तिला इच्छेविरुद्ध थांबवलं, तर मूळ वेळेपासून तासाभरात निघणारं दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर एका बाजूचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क यांच्या बेरजेच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. आणि दुसरं विमान नकोच म्हटलं, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, वर तीच चौपट भरपाई.

आता आकडे घालू. तिकीट ५,१०० चं, त्यात मूळ भाडं ३,२०० आणि इंधन शुल्क ४००, म्हणजे ३,६००. संध्याकाळी साडेसहाचं विमान घेतलं तर ७,२०० मिळतील. नकार दिला तर ५,१०० अधिक १४,४००, एकूण १९,५००. दुसऱ्या कंपनीचं ऐनवेळचं तिकीट ९,५०० ला पडलं, तरी तो खर्च यातून निघतो.

पण इथेच गफलत होते. अ‍ॅपवर आपणच 'कॅन्सल' दाबलं, की एअरलाइन म्हणणार, "तुम्हीच रद्द केलं." काही वेळा 'प्रवासी उशिरा आला' अशी नोंदही होते. म्हणून काउंटरवरच्या घड्याळासह फोटो काढा, वेब चेक-इनचा मेसेज जपून ठेवा आणि का घेतलं नाही हे लेखी मागा. निदान तिथूनच एअरलाइनला ईमेल टाका, त्यावर वेळ आपोआप पडते. भरपाईऐवजी कूपन देत असतील तर वाचल्याशिवाय सही नको.

एअरलाइन दाद देत नसेल, तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. हॉटेल, टॅक्सी, बुडालेली परीक्षा यांचं नुकसान वरच्या ठरावीक रकमेत मोजलेलं नाही. ते बिलं जोडून ग्राहक आयोगाकडे मागायचं. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो तिथे दावा करता येतो, म्हणजे तिला वर्ध्याचा जिल्हा आयोग चालतो. दिल्लीला खेटे नाहीत. तिकिटाची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, मुदत २ वर्षं. आयोग किती मंजूर करेल ते मात्र पुराव्यावर ठरतं, म्हणून टॅक्सीची पावतीसुद्धा फेकू नका.