सदतीस अंशांची पेटी

थर्मोस्टॅटचे काम एका वाक्यात सांगता येते: तापमान मोजायचे, ते हव्या तापमानापेक्षा किती कमी किंवा जास्त आहे ते पाहायचे आणि ती तफावत कमी होईल अशा दिशेने उष्णता बदलायची. परिणाम मोजून तो उलट्या चिन्हाने कारणाकडे परत पाठवण्याच्या या रीतीला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. वाक्य सोपे असले तरी ‘किती उष्णता बदलायची’ आणि ‘मोजमाप किती उशिरा हाती येते’ हे दोन प्रश्न त्यात दडलेले आहेत. नियंत्रण अभियांत्रिकीचा बराचसा भाग याच दोन प्रश्नांभोवती फिरतो.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये जिवाणू वाढवण्यासाठी ३७ अंश सेल्सिअसची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, असतो. हिशेबाला सोपे पडावे म्हणून अशा एका पेटीचे ढोबळ आकडे ठरवून घेऊ. खोलीपेक्षा पेटी जितके अंश गरम, तितके दहा-दहा वॅट उष्णता तिच्या भिंतींतून बाहेर जाते. खोली २५ अंशांवर असेल तर पेटी ३७ वर टिकवायला १२० वॅट लागतात. हीटर १२० वॅटवर कायमचा लावून ठेवला आणि रात्री खोली १५ अंशांवर उतरली, तर पेटीही निमूटपणे २७ वर येईल. बाहेरचा दहा अंशांचा फरक जसाच्या तसा आत आला.

आता फीडबॅक जोडू. पेटी ३७ पेक्षा जितके अंश कमी भरेल, त्या प्रत्येक अंशामागे हीटरने ९० वॅट द्यावेत असा नियम करू. खोली २५ वर असताना पेटी ३५.८ अंशांवर स्थिरावते. तूट १.२ अंशांची, म्हणून हीटर १०८ वॅट देतो, आणि बाहेर जाणारी उष्णताही १०८ वॅटच असते. खोली १५ वर आली की पेटी ३४.८ वर येते. बाहेर दहा अंश बदलले, आत फक्त एक.

हा दहावा हिस्सा कुठून आला? एक अंश तुटीमुळे हीटर ९० वॅट देतो आणि ९० वॅट सतत मिळत राहिले तर पेटी नऊ अंशांनी तापते. म्हणजे वळसा पूर्ण होईपर्यंत एकाचे नऊ होतात. या नऊला लूप गेन म्हणतात. बाहेरून येणारा कोणताही धक्का लूप गेन अधिक एक या संख्येने भागला जातो, इथे दहाने. पेटी ३७ वर न पोचता थोडी खालीच राहते, हेही याच हिशेबात बसते. तूट पूर्ण नाहीशी झाली तर हीटरला उष्णता द्यायला कारणच उरणार नाही. ही उरलेली तूट घालवायची तर जुन्या तुटीची बेरीज करत राहणारा भाग नियंत्रकात वेगळा बसवावा लागतो.

मग लूप गेन नऊऐवजी ९९ का करू नये? प्रत्येक अंशामागे ९९० वॅट दिले की दहा अंशांचा धक्का दशांश अंशावर येईल. कागदावर हे खरे आहे. प्रत्यक्षात पेटी आवरेनाशी होते आणि त्याचे कारण उशीर हे आहे.

तापमापकाला पेटीतला बदल ३० सेकंद उशिरा कळतो असे धरू. पेटी स्वतःही सुस्त आहे: हीटरमधला बदल तिच्यात बऱ्यापैकी उतरायला दहा मिनिटे लागतात. आता तापमानात दोन मिनिटांची एक बारीक लाट उठली असे समजा. मिळणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त आहे तोवर पेटी तापतच राहते, त्यामुळे तिचे तापमान हीटरच्या जवळजवळ पाव लाट मागे असते. तापमापकाचे ३० सेकंद म्हणजे आणखी पाव लाट. दोन्ही मिळून अर्धी लाट झाली, आणि अर्ध्या लाटेने उशिरा येणारी दुरुस्ती नेमकी उलटी पडते. पेटी वर जात असताना ती तिला आणखी वर ढकलते. निगेटिव्ह म्हणून जोडलेला फीडबॅक या लाटेपुरता पॉझिटिव्ह होतो.

तरीही दर वेळी अनर्थ होत नाही, कारण एवढ्या घाईच्या लाटेला ही सुस्त पेटी फारशी दाद देत नाही. सावकाश बदलाला ती जेवढी हलते त्याच्या सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यानेच ती या लाटेला हलते. लूप गेन नऊ असेल तर एका वळशात लाटेचा जेमतेम पाव-तृतीयांश भाग उरतो आणि ती विरून जाते. लूप गेन ९९ असेल तर प्रत्येक वळशात ती तिप्पट होते. सीमारेषा ३२ च्या आसपास आहे, आणि तिच्या अगदी जवळ गेलेली पेटीही बराच वेळ डोलत राहते.

वाढती लाट शेवटी हीटरच्या मर्यादेला थडकते. हीटर ३०० वॅटचा असेल तर तो एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद असा आपटत राहतो, आणि पेटी साधारण ३६.४ ते ३७.९ अंशांत दोन मिनिटांनी एक हेलकावा घेते. घरातल्या इस्त्रीचा किंवा गीझरचा साधा थर्मोस्टॅट मुळातच असा चालू-बंद असतो. तिथे हेलकावा चालतो, इन्क्युबेटरमध्ये तो खटकतो. हेलकाव्याच्या कालावधीवरून रोगाचे निदानही होते: अशा पेटीत तो मोजमापाच्या उशिराच्या सुमारे चौपट भरतो. म्हणून लूप गेन कमी करण्याआधी तापमापक हीटरजवळ, हवेच्या झोतात आणता येतो का, हे पाहणे शहाणपणाचे. १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स यांनी सुचवलेली पद्धतही याच सीमारेषेवर उभी आहे: हेलकावे एकसारखे टिकून राहीपर्यंत गेन वाढवायचा, आणि मग तो निम्म्यावर आणायचा.

अॅम्प्लिफायरमध्ये पेटीच्या जागी विजेचा दाब येतो, हिशेब तोच. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर ठरावीक अंतराने निर्वात नळ्यांचे अॅम्प्लिफायर लावावे लागत. नळी जुनी झाली की तिचा गेन बदले, आणि प्रत्येक अॅम्प्लिफायरची थोडीथोडी विकृती पुढे साचत जाई. बेल लॅब्जमधले हॅरल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत होते. तिथे त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर उपाय मांडला: गरजेपेक्षा कितीतरी जास्त गेनचा अॅम्प्लिफायर बनवायचा, आणि बाहेर आलेल्या संकेताचा ठरावीक अंश आत येणाऱ्या संकेतातून वजा करायचा.

मूळ गेन एक लाख आहे आणि शंभरावा हिस्सा परत वजा केला जातो असे धरू. लूप गेन हजार झाला. एकूण गेन येतो ९९.९. नळी म्हातारी होऊन मूळ गेन निम्मा, म्हणजे पन्नास हजार, झाला तरी एकूण गेन ९९.८ राहतो. हजारपट गेन उधळून मिळवलेली ही स्थिरता तेव्हा अनेकांना अविश्वसनीय वाटली. ब्लॅक यांना पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

उशिराची अडचण इथेही सुटत नाही. प्रत्येक टप्पा थोडा उशीर घालतो, फक्त तो मायक्रोसेकंदांत मोजावा लागतो. कोणत्या परिस्थितीत अॅम्प्लिफायर स्वतःहून गुणगुणू लागेल, याची नेमकी कसोटी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दिली. लोकप्रिय ७४१ या चिपमध्ये त्यावरचा उपाय आतच बसवलेला आहे: ३० पिकोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर. तो वेगवान लाटांसाठी गेन मुद्दाम लवकर उतरवतो, म्हणजे उशीर अर्ध्या लाटेवर पोचेपर्यंत लूप गेन एकच्या खाली आलेला असतो. तरीही अशा अॅम्प्लिफायरच्या तोंडावर लांब केबल जोडली तर केबलचा उशीर भर घालतो. ऑसिलोस्कोपवर चौकोनी लाटेच्या कोपऱ्यापाशी थरथर दिसू लागली की सीमारेषा जवळ आली असे समजावे. बहुतेक वेळा केबलआधी काही दशक ओहमचा रोधक घातला की ती शमते.

एक गोष्ट मात्र लूप गेन कितीही वाढवला तरी सुधारत नाही, ती म्हणजे मोजणाऱ्याची चूक. इन्क्युबेटरचा तापमापक एक अंश कमी दाखवत असेल, तर पेटी जवळजवळ तितकीच जास्त तापते आणि नियंत्रकाच्या दृष्टीने सगळे ठीक असते. अॅम्प्लिफायरमध्ये हीच जबाबदारी शंभरावा हिस्सा काढून देणाऱ्या दोन रोधकांवर येते. त्यामुळे नळी किंवा ट्रान्झिस्टर सामान्य दर्जाचा चालतो, पण रोधक पारखून घ्यावे लागतात. आणि इन्क्युबेटरमध्येही हीटरपेक्षा तापमापक वेळोवेळी दुसऱ्या, खात्रीच्या तापमापकाशी ताडून पाहावा लागतो.