जामखेडचा प्रारूप विकास आराखडा कसा वाचायचा? आधी गट नंबर शोधा, मग ३० दिवस मोजा

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित उतारा. बोलण्यातली पुनरावृत्ती कमी केली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो, जाहीर झाला की आपल्याकडे सगळ्यात आधी काय येतं? व्हॉट्सअॅपवर एक फोटो. पिवळे, हिरवे, निळे तुकडे, मधून जाणाऱ्या लाल रेघा, आणि खाली कुणाचा तरी मेसेज: "भाऊ, तुमच्या प्लॉटातून रोड चाललाय." मग घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागत नाही.

तर आज हा फोटो बाजूला ठेवून खरा आराखडा कसा वाचायचा ते बघू. जमिनीचा वापर कुठे बदलतोय, नवा रस्ता नेमका कुठून जातोय आणि हरकत कधीपर्यंत द्यायची, एवढ्या तीनच गोष्टी.

फोटो का चालत नाही?

विकास आराखडा म्हणजे एकच नकाशा नसतो. त्यात आज जमीन कशी वापरली जातेय त्याचा नकाशा असतो, पुढे कशी वापरायची त्याचा नकाशा असतो, आणि सोबत एक जाडजूड अहवाल असतो. अहवालात आरक्षणांचा तक्ता असतो: आरक्षण क्रमांक, कशासाठी, कुठल्या गट किंवा सर्व्हे नंबरवर, किती क्षेत्र, आणि जागा ताब्यात कोण घेणार. फोटोत यातलं काहीच येत नाही. रंगांची सूची कापली जाते आणि नकाशाचं प्रमाणही दिसत नाही.

प्रमाण का महत्त्वाचं? समजा नकाशा १:५००० प्रमाणाचा आहे. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर. तुमच्या दारातला रस्ता तीन मीटर आत सरकत असेल, तर कागदावर तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. पेनाच्या रेघेएवढा! मोबाईलवर कितीही झूम केलं तरी रेघ जाड होते, माहिती वाढत नाही. म्हणून नगरपरिषदेत जाऊन मूळ नकाशा बघायचा आणि आपल्या गटाचा भाग नकाशा मागायचा. आराखडा लोकांना बघायला खुला ठेवणं आणि त्याच्या प्रती वाजवी किमतीत देणं हे कायद्यातच लिहिलेलं आहे. ते कुणाचे उपकार नाहीत.

जाताना सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, आणि असेल तर मोजणीचा नकाशा सोबत न्या. कारण आराखड्याला तुमचं नाव माहीत नसतं. त्याला फक्त गट नंबर कळतो.

रंग बदलला म्हणजे नक्की काय झालं?

इथे दोन गोष्टींची कायम गल्लत होते. एक असतो विभाग, म्हणजे झोन: रहिवास, व्यापारी, औद्योगिक, शेती. दुसरं असतं आरक्षण: शाळा, मैदान, भाजी मंडई, बाग. झोन बदलला तर जमीन तुमचीच राहते, तिच्यावर काय करता येईल ते बदलतं. आरक्षण पडलं तर ती जागा पुढे सार्वजनिक कामासाठी घ्यायचा विचार आहे, असा अर्थ होतो. हिरवा रंग दिसला की "गेली जमीन" म्हणून घाबरू नका. तो शेती विभाग आहे की बागेचं आरक्षण, हे आधी सूचीत आणि तक्त्यात बघा.

याच्या उलटही लक्षात ठेवा. नगर, बीड, कर्जत किंवा खर्डा रोडला शेतीचा तुकडा रहिवास विभागात आला, की लगेच कुणीतरी "यलो झोन" म्हणून प्लॉट विकायला निघतो. पण प्रारूप म्हणजे मसुदा. तो सरकारची मंजुरी मिळेपर्यंत बदलू शकतो. शिवाय रंग पिवळा झाला तरी ले-आउट मंजूर करून घ्यावाच लागतो. फक्त प्रारूपाच्या भरवशावर इसार देऊ नका.

आणि आरक्षण पडलं म्हणजे दुसऱ्या दिवशी सातबाऱ्यावरचं नाव जात नाही. जागा घ्यायची तर मोबदला द्यावा लागतो: समझोत्याने रक्कम, किंवा वाढीव बांधकामाचा हक्क, किंवा भूसंपादन कायद्याने. बांधकामाचा हक्क कागदावर छान दिसतो, पण तो दुसऱ्याला विकायचा तर घेणारा बिल्डर लागतो. छोट्या गावात उंच इमारती कमी, म्हणून घेणारेही कमी. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. पण तोपर्यंत तुमचा बांधकामाचा अर्ज अडतो. खरा त्रास तिथे आहे. आणि तो मंजुरीनंतरच सुरू होतो असंही नाही, कारण परवानगी देताना प्रारूप आराखडाही विचारात घेतला जातो.

रस्त्याचं गणित

आता एक उदाहरण करून बघू. गट काल्पनिक आहे, हिशेब खरा.

तुमच्या घरची १० गुंठे जागा रस्त्याला लागून आहे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे एकूण १,०१२ चौरस मीटरच्या आसपास. रस्त्याकडची बाजू ३० मीटर. आज रस्ता ९ मीटरचा आहे, आराखड्यात १५ मीटर दाखवलाय. म्हणजे ६ मीटर वाढले.

ही वाढ दोन्ही बाजूंनी सारखी घेतली, तर तुमच्याकडून ३ मीटर जातात. ३० गुणिले ३, म्हणजे ९० चौरस मीटर. गुंठ्याला थोडं कमी. पण सगळी वाढ तुमच्याच बाजूने दाखवली असेल, तर जातात १८० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांहून जास्त. रस्ता तोच, रुंदी तीच, पण तुमचं नुकसान दुप्पट.

म्हणून "रोड किती फुटी?" एवढंच विचारून परत येऊ नका. रस्त्याची मधली रेषा जिथे आहे तिथेच आहे का सरकली, हे विचारा. सरकली असेल तर का? समोर पक्की इमारत आहे, ओढा आहे, का निव्वळ मोकळं दिसलं म्हणून इकडे ढकलली? तुमच्या हरकतीचा खरा मुद्दा इथून निघतो.

३० दिवस कधीपासून?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे जामखेडसारख्या नगरपरिषदेत हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. हे दिवस राजपत्रात सूचना आल्याच्या तारखेपासून मोजायचे. तुम्हाला फोटो आला त्या दिवसापासून नाही, चौकात फ्लेक्स लागला तेव्हापासूनही नाही. लोकांना कळेपर्यंतच आठ-दहा दिवस गेलेले असतात. सूचनेवरची तारीख स्वतः वाचा, आणि शेवटच्या दिवसाची वाट न बघता चार दिवस आधी अर्ज द्या.

अर्ज साधा असतो, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने. मजकूर साधारण असा:

"गट क्रमांक अमुक, क्षेत्र १० गुंठे. प्रारूप आराखड्यात या गटालगतचा ९ मीटरचा रस्ता १५ मीटर दाखवला असून वाढीव सहा मीटर रुंदी पूर्णपणे आमच्या बाजूने घेतली आहे. समोरच्या बाजूस जागा मोकळी आहे. रुंदी सध्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस समान धरावी. सुनावणीची संधी द्यावी. सोबत सातबारा, मोजणी नकाशा, भाग नकाशा व जागेचे फोटो."

बस! "आमच्यावर अन्याय झाला" हे लिहिलंत तरी चालेल, पण त्यावर समितीला काही करता येत नाही. "मध्यरेषा बदला" यावर करता येतं. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या, तिचा फोटो काढून ठेवा.

त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात नियोजन प्राधिकरणाचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. सुनावणीची हक्काची संधी ज्यांनी हरकत किंवा सूचना दिली त्यांनाच असते. समितीचा अहवाल येतो, आराखड्यात बदल होतात, मग तो मंजुरीसाठी सरकारकडे जातो. अर्जच दिला नसेल, तर सुनावणीच्या दिवशी दारात उभं राहून उपयोग नाही.

याने काही फरक पडतो का?

मुंबईचं बघा. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला. उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तूंच्या नोंदी गायब, अशा चुका लोकांनी शोधून काढल्या. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. म्हणजे छापलेला नकाशा बदलतो. पण किंमतही बघा: तीन वर्षं त्यातच गेली.

शेवटचा मुद्दा, आणि हा आपल्या वयाच्या लोकांसाठी

हरकत द्यायला जमीनमालक असावं लागत नाही. भाड्याने राहणारा देऊ शकतो, कॉलेजला जाणारा देऊ शकतो. समजा तुमच्या भागात खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलंय. ज्याची जमीन आहे तो ते काढा म्हणून अर्ज देणारच, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही दिला असता. पण ते मैदान हवंय असं म्हणणारा एकही अर्ज नसेल, तर समितीसमोर कागदावर एकच बाजू असते. विंचरणेच्या काठची मोकळी जागा असो की शाळेजवळचं मैदान, जे ठेवायचंय त्याच्या बाजूनेही सूचना द्यावी लागते. तोच अर्ज, तेच ३० दिवस, फक्त वाक्य वेगळं: "आरक्षण क्रमांक अमुक कायम ठेवावं."

तर फोटो आला की फॉरवर्ड करायच्या आधी एक करा. घरात सातबारा कुठे ठेवलाय ते आईला किंवा आजोबांना विचारा, त्यावरचा गट नंबर मोबाईलमध्ये टिपून घ्या आणि नगरपरिषदेत जाऊन तो नकाशावर शोधा. भेटू पुढच्या भागात.