आईचा पुनर्विवाह आणि मुलाचे आडनाव

आईने पुनर्विवाह केल्यावर अल्पवयीन मुलाचे आडनाव बदलायला संमती कोणाची लागते, हे मुख्यतः जन्मदाता पिता हयात आहे की नाही यावर ठरते. आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात मूल तान्हे असतानाच वडील वारले. आईने दुसरे लग्न केले आणि मुलाला नव्या पतीचे आडनाव लावले. आजी-आजोबा न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने जुने आडनाव पुन्हा लावण्याचा आणि कागदपत्रांत नव्या पतीची नोंद ‘सावत्र वडील’ अशी करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तो रद्द केला: वडिलांच्या पश्चात आईच एकमेव नैसर्गिक पालक, त्यामुळे आडनाव तीच ठरवणार. ‘सावत्र’ हा शिक्का मुलाच्या कपाळी मारण्याचा आदेश न्यायालयाला क्रूर वाटला, आणि ते योग्यच होते.

घटस्फोटित पिता हयात असेल, तर गोष्ट वेगळी. मुलाचा ताबा आईकडे आला म्हणून त्याचे पालकत्व आपोआप संपत नाही. त्याची लेखी संमती घ्यावी. तो अडून बसला तर न्यायालयात जावे लागते आणि तिथे मुलाचे हित पाहिले जाते. नुसत्या आडनावाच्या बदलाने जन्मदात्याच्या मालमत्तेतला मुलाचा वारसाहक्क जात नाही.