होनाचा फोटो आणि फोटोतला होन

धाराशिव जिल्ह्यात जुनी नाणी ‘सापडतात’ ती मुख्यतः दोन पत्त्यांवर. पहिला पत्ता तेरची पांढर. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणून जिचा उल्लेख येतो, ती बाजारपेठ या मातीखाली आहे. पाऊस पडून गेला की शेतात मणी, मातीच्या मूर्तींचे तुकडे, शिशाची सातवाहन नाणी आजही उघडी पडतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर असेच अवशेष जमवले, आणि तेरचं शासकीय संग्रहालय त्यातूनच उभं राहिलं. दुसरा पत्ता तुळजापूर. तुळजाभवानीच्या दागिन्यांत शिवाजी महाराजांनी अर्पण केलेली पुतळ्यांची माळ असल्याचं परंपरा सांगते. देवस्थानाच्या खजिन्यातली पुरातन नाणी गहाळ झाल्याप्रकरणी २०२० मध्ये तुळजापूर पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला.

म्हणूनच मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिरातींना हे दोन पत्ते सोयीचे पडतात. ‘तेरच्या शेतात सापडलेला शिवकालीन सोन्याचा होन’ किंवा ‘देवीच्या जुन्या माळेतला होन, घरगुती अडचणीमुळे विकणे आहे’ असा मजकूर, खाली दोन-तीन फोटो आणि लाखांतली किंमत. गोष्ट खरी की खोटी हे घरबसल्या तपासता येत नाही. फोटो मात्र तपासता येतो. फोटो पाहून नाणं अस्सल असल्याचा निर्वाळा कुणालाच देता येत नाही, पण ते बनावट आहे हे पुष्कळदा सिद्ध करता येतं. खऱ्या वस्तूचं वजन, रुंदी, जाडी, कड आणि दोन बाजू एकमेकींशी जुळाव्याच लागतात. खोटं सांगणाऱ्याला हे सगळं एकाच वेळी जुळवणं जड जातं.

होन असतो केवढा

रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाचा सोन्याचा होन पाडला गेला. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. चित्र नाही, सन नाही. आकार पाहून पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. नाणं जेमतेम १३ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे करंगळीच्या नखावर मावेल एवढं. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. याच मजकुराची तांब्याची शिवराई मोठी, जड आणि मुबलक आहे. ती पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीलाही चालत राहिली, त्यामुळे आजही थोडक्या पैशांत मिळते. सोन्याचा होन दुर्मीळ असल्याने नकलांचा सगळा भर त्याच्यावर असतो.

आता एक जाहिरात नमुन्यादाखल घेऊ. समजा, विकणाऱ्याने ‘वजन २.७५ ग्रॅम, शुद्ध सोने’ असं लिहिलं आहे आणि आकार कळावा म्हणून शेजारी दहा रुपयांचं दुरंगी नाणं ठेवलं आहे. हे नाणं मोजपट्टी म्हणून चांगलं, कारण त्याची रुंदी पहिल्यापासून २७ मिलिमीटरच राहिली आहे. रुपयाचं तसं नाही. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, २०११ च्या मालिकेतला सुमारे २२ चा आणि २०१९ च्या मालिकेतला २० चा. फोटोत रुपया असेल तर तो कुठल्या सालचा हे वाचल्याशिवाय मोजायला बसू नये.

फोटो मोठा करून पट्टीने किंवा पिक्सेलमध्ये मोजायचा. दहाचं नाणं ५४० पिक्सेल रुंद दिसलं, म्हणजे एका मिलिमीटरला २० पिक्सेल. होन ३८० पिक्सेलचा निघाला, म्हणजे १९ मिलिमीटर. अस्सल होन इथे २६० पिक्सेलच्या आसपास दिसायला हवा होता. पण एवढ्यावर थांबू नये, कारण ‘हा मोठा होन आहे’ असं उत्तर लगेच येतं. आता वजन मदतीला येतं.

जवळपास शुद्ध सोन्याचा एक घन सेंटिमीटर सुमारे १९ ग्रॅम भरतो, पितळेचा साडेआठ. १३ मिलिमीटर रुंदीच्या आणि २.७५ ग्रॅम वजनाच्या सोन्याच्या चकतीची जाडी सरासरी १.१ मिलिमीटर येते. तेवढ्याच आकाराची पितळी चकती सव्वा ग्रॅमच भरेल. नक्कल करणाऱ्याला काट्यावर २.७५ दाखवायचे असतील तर दोनच वाटा उरतात. जाडी वाढवून अडीच मिलिमीटरपर्यंत न्यायची, किंवा जाडी तीच ठेवून रुंदी १९ मिलिमीटरपर्यंत वाढवायची. आपल्या नमुन्यातला ‘मोठा होन’ नेमका इथे सापडतो. वजन लिहिलं सोन्याचं आणि रुंदी दिसते पितळेची. म्हणून वरून काढलेल्या फोटोबरोबर नाणं उभं धरून कडेचा फोटोही मागावा. वजन खरं लिहिणारे बरेच विक्रेते कड दाखवायला कचरतात.

या मोजणीलाही मर्यादा आहेत. दोन्ही नाणी एकाच सपाट पृष्ठभागावर हवीत आणि कॅमेरा बरोबर वर हवा. होन बोटांत धरून पुढे केला आणि दहाचं नाणं मागे टेबलावर राहिलं, तर जवळची वस्तू मोठी दिसते आणि सगळं गणित कोसळतं. दहाचं नाणं फोटोत गोल न दिसता लंबगोल दिसत असेल, तर कॅमेरा तिरका होता हे ओळखून तो फोटो मोजणीतून बाद करावा.

दोन बाजूंची एकच कड

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे, तरी फार थोडे लोक करतात. त्या काळी नाणी हाताने पाडत. सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घण मारायचा. चकती क्वचितच नेमकी गोल असे, आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून अक्षरं कडेला कापली जातात, ठिपक्यांचं वर्तुळ एखाद्या बाजूलाच दिसतं आणि प्रत्येक नाण्याची बाह्यरेषा त्याची एकट्याची असते.

ही बाह्यरेषा दोन्ही बाजूंना एकच असते, फक्त उलटी. ‘श्री राजा शिव’ या बाजूला उजव्या हाताला कड किंचित तुटलेली असेल आणि नाणं पान उलटावं तसं उलटलं, तर ‘छत्र पति’ या बाजूला ती तूट डाव्या हाताला दिसली पाहिजे. पातळ कागदावर एका फोटोची बाह्यरेषा गिरवा, कागद उलटा करा आणि दुसऱ्या फोटोवर फिरवून पाहा. कुठल्याच कोनात बसत नसेल तर हे फोटो एका नाण्याचे नाहीत. जुन्या लिलावांच्या सूचीतून एक बाजू एका नाण्याची आणि दुसरी बाजू दुसऱ्याची उचलून केलेल्या जोड्या अशा पकडता येतात.

सूचीतून उचललेले फोटो ओळखायला आणखी एक खूण आहे. लिलावगृहं नाणं कापून पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सावलीविना, दोन्ही बाजू शेजारीशेजारी छापतात. घरी काढलेल्या फोटोत असं होत नाही. गूगल लेन्ससारख्या प्रतिमाशोधात टाकल्यावर मूळ सापडू नये म्हणून लोक फोटो कापतात, मागे लाल मखमल जोडतात, रंग बदलतात. दागिन्याचा फोटो आरशासारखा उलटा करून शोधाला चकवता येतो, पण नाण्यावर अक्षरं असल्याने तो उलटा केला की मजकूरही उलटा होतो. म्हणून नाणं फक्त फिरवलं जातं. शोधताना फोटोतून नाणं तेवढं कापून घ्यावं, अक्षरं सरळ करावीत, दोन्ही बाजू वेगवेगळ्या टाकाव्यात. शोधात काही आलं नाही म्हणजे फोटो ताजा, असं मात्र समजू नये. कित्येक सूच्या छापील आहेत आणि जाळ्यावर नाहीतच.

भिंगाखाली

जवळून काढलेल्या फोटोत प्रश्न एकच: हे नाणं ठोकून पाडलं की साच्यात ओतलं? ठोकलेल्या नाण्यात धातू दाबाने बाहेर सरकतो. अक्षरांच्या बाजू उभ्या आणि पायथ्याशी स्पष्ट असतात, कडेला बारीक चिरा पडतात. ओतीव नकलेत अक्षरं वितळल्यासारखी गोलसर दिसतात. हवेचे बुडबुडे अडकून पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात, किंवा साच्यातल्या खड्ड्यात धातू भरून बारीक गाठी उठतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे कडेवर रेघ येते, आणि ती पुसायला मारलेल्या कानशीचे समांतर ओरखडे दिसतात.

झीजही बोलते. वापरातल्या नाण्याचे उंचवटे आधी झिजतात आणि अक्षरांमधले खोलगट भाग तीक्ष्ण राहतात. उंचवटे आणि खोलगट भाग सारखेच बुळबुळीत असतील, तर झिजलेल्या नाण्यावरून साचा घेतला असण्याची शक्यता मोठी.

यातला सर्वांत भक्कम पुरावा दोन जाहिराती शेजारी ठेवल्यावर मिळतो. एकाच ठशाने पाडलेल्या दोन अस्सल नाण्यांत ठशाचे दोष समान असतात: अक्षराची तीच वेडीवाकडी मात्रा, तीच भेग. पण चकतीचे अपघात समान असू शकत नाहीत. तीच तुटकी कड, तोच ओरखडा, वर्तुळ तेवढंच डावीकडे सरकलेलं, हे दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर दिसलं, तर दोन्ही फोटो एकाच नाण्याचे आहेत किंवा निदान एक नाणं दुसऱ्याची ओतीव नक्कल आहे.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो आला की तो दाबून लहान होतो, बारीक खड्डे पुसले जातात आणि फोटो काढल्याची तारीख वगैरे माहितीही निघून जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. मोबाइलचा झूम अक्षरांच्या कडा कृत्रिमपणे धारदार करतो, तेव्हा जास्त धारदार फोटोवरही विश्वास टाकू नये. सोन्याचा रंग तर पुरावा धरूच नये, तो खोलीतल्या दिव्याप्रमाणे बदलतो.

फोटो जिथे संपतो

या सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होणारी नक्कल असते. होनाची किंमत त्यातल्या सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे खरं सोनं घेऊन नव्या ठशांनी पाडलेला होन नकलाकाराला परवडतो. तिथे वजन जुळतं, जाडी जुळते, सराफाचं यंत्रही सोनंच सांगतं, कारण ते खोटं नसतंच. अक्षरांचं वळण प्रसिद्ध नमुन्यांशी ताडून पाहणारा नाणेतज्ज्ञच तिथे काही सांगू शकतो, तोही नाणं हातात घेऊन. शिवाय फोटो अस्सल नाण्याचा आणि कुरिअरने येणारी वस्तू भलतीच, हेही होतं.

शेवटी पुन्हा त्या दोन पत्त्यांकडे पाहावं लागतं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा ‘तेरच्या शेतातला होन’ ही गोष्ट खोटी असेल तर फसवणूक आहे, आणि खरी असूनही वर्दी दिलेली नसेल तर गुन्हा. ‘देवीच्या माळेतला’ म्हणणाऱ्याची गतही वेगळी नाही. विकणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. जिल्हाधिकारी कार्यालयाला दिलेल्या वर्दीची प्रत किंवा व्यापाऱ्याचा परवाना मागावा. मग कड, दहाचं नाणं आणि आजचं वर्तमानपत्र एकत्र दिसेल असा नवा फोटो. पैसे मात्र नाणं काट्यावर चढेपर्यंत एकही नाही, ‘नोंदणी शुल्क’ म्हणूनही नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन आणि कर उकळणाऱ्यांबद्दल खुद्द त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला आहे.