खोल्या परत कधी मिळणार?

समजा, कळंगुटच्या वीस खोल्यांच्या हॉटेलाने टूर ऑपरेटरला आठ खोल्या अलॉटमेंटवर दिल्या. रिलीज पिरियड 7 दिवस. म्हणजे 24 डिसेंबरच्या मुक्कामासाठी ऑपरेटर 17 डिसेंबरपर्यंत त्या विकू शकतो, उरलेल्या मालकाकडे परत येतात. तोवर त्या दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत आणि न विकलेल्या खोलीचा एक रुपयाही मिळत नाही. पाच खोल्या परत आल्या, तरी नाताळचं गिऱ्हाईक केव्हाच दुसरीकडे बुकिंग करून मोकळं झालेलं असतं. म्हणून नाताळासाठी 30 दिवस मागावेत. पावसाळ्यात 7 चालतील. मुदत संपताच खोल्या आपोआप सुटतील, असं करारात स्पष्ट लिहून घ्यावंच. नाहीतर ऑपरेटरच्या होकाराची वाट पाहण्यात आणखी दोन-तीन दिवस जातात.